हिरवं ‘कन्फर्म्ड’ आणि विमान कंपनीकडे कोरी पाटी

काकूंनी टेबलावर ठेवलेला कागद दिसायला अगदी चोख होता. विमान कंपनीचं चिन्ह, येण्याजाण्याच्या तारखा, प्रवाशाचं नाव, सहा अक्षरांचा पीएनआर आणि शेजारी हिरव्या रंगात ‘कन्फर्म्ड’. मुलीकडे जर्मनीला दोन महिने राहायला जायचं होतं. युरोपातल्या देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी सकाळी. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी ऑनलाइन किरकोळ पैसे भरून, व्हिसाच्या फाइलीत दाखवण्यापुरतं म्हणून हे ‘डमी तिकीट’ मागवलं होतं. जावयाने सहज म्हणून विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून पाहिलं, तर बुकिंग सापडेना.

मी ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटिंगला बसतो. असे कागद घेऊन येणारे नेहमीचेच. पहिली शंका मी पीएनआरवर घेतो, कारण पीएनआर दोन असू शकतात. एजंट ज्या आरक्षण प्रणालीत बुकिंग करतो तिचा एक आणि विमान कंपनीचा स्वतःचा एक. कंपनीच्या साइटवर तिचाच चालतो. कागदावर फक्त एजंटचा छापलेला असेल तर बुकिंग खरं असूनही उघडत नाही. अशा वेळी कंपनीचा पीएनआर मागून घेतला की काम संपतं.

काकूंनी विकणाऱ्याला मेसेज करून कंपनीचा पीएनआर मागितला. उत्तर आलं, “हाच आहे, मॅडम.” मग प्रणालीतल्या पूर्ण बुकिंगची प्रत मागवली. नशीब, की त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यात फ्लाइटच्या ओळीत `HK1` असायला हवं होतं, तिथे `GK1` होतं.

`HK` म्हणजे विमान कंपनीने जागा धरून ठेवली आहे. `GK` म्हणजे पॅसिव्ह नोंद. जागा दुसरीकडे आधीच घेतलेली असते, तेव्हा हिशेबासाठी एजंट ती आपल्या प्रणालीत नुसती लिहून ठेवतो. ही नोंद कंपनीकडे जातच नाही, जागाही अडत नाही. पण त्यावरून छापलेल्या कागदावर ‘कन्फर्म्ड’ मात्र दिमाखात उमटतं. विकणाऱ्याला असं करण्यात फायदा असतो. खऱ्या जागा अडवून सोडत राहिलं, तर विमान कंपन्या एजंटला दंडाची नोटीस धाडतात. पॅसिव्ह नोंदीत जागा अडत नसल्याने तो धोका कमी. धोका सगळा ग्राहकाच्या गळ्यात.

तोही साधासुधा नाही. शेंगेनच्या नियमांत परतीचं ‘आरक्षण किंवा तिकीट’ असं म्हटलंय, म्हणजे पूर्ण तिकीट काढलंच पाहिजे असं नाही. पण जोडलेल्या कागदांच्या खरेपणाबद्दल रास्त शंका आली, तर त्याच नियमांनुसार व्हिसा नाकारता येतो. आणि नकाराची नोंद व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षं राहू शकते. ‘कोण एवढं तपासतंय’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

“मग तुम्ही खरं बुकिंग करून द्या ना, पैसे न भरता,” काकू म्हणाल्या.

ते करता येतं. मी जागा धरली, `HK1` आलं, कंपनीचा पीएनआरही आला. लगेच खाली कंपनीचा संदेश उमटला. `SSR ADTK` ने सुरू होणाऱ्या त्या ओळीत तारीख आणि वेळ असते आणि तोपर्यंत तिकीट काढलं नाही तर `XLD`, म्हणजे रद्द. आमच्या हाती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. अपॉइंटमेंट सकाळची, म्हणजे वरवर बघता भागलं असतं.

खरी मेख इथेच असते आणि बहुतेकांच्या ती लक्षात येत नाही. अपॉइंटमेंटच्या दिवशी व्हिसा केंद्रातला माणूस कागद मोजून घेतो. फाइल उघडणारा अधिकारी वेगळा आणि तो ती कधी उघडेल ते सांगता येत नाही. शेंगेनच्या निर्णयाला साधारण 15 दिवसांची मुदत आहे, गरज पडली तर ती 45 पर्यंत वाढते. फाइल चौथ्या किंवा दहाव्या दिवशी उघडली आणि पीएनआर टाकल्यावर ‘रद्द’ दिसलं, तर आपला कागद खरा असूनही बाजू लंगडी पडते. काही विमान कंपन्या थोडी फी घेऊन भाडं धरून ठेवतात, पण तेही काही तासांपासून काही दिवसांपर्यंतच. अमेरिकेच्या नियमातली ‘24 तासांत फुकट रद्द’ ही सोय तर अशा कामाला निरुपयोगीच. रद्द केलेलं तिकीट पडताळणीत रद्दच दिसणार.

त्यामुळे जिथे निर्णय लांबणार असेल तिथे माझं मत ठरलेलं आहे. पैसे परत मिळणाऱ्या भाड्याचं खरं तिकीट काढावं. महाग पडतं आणि परतावा येईपर्यंत पैसे अडकतात, हे खरं. पण फाइल कधीही उघडा, तिकीट जिवंत असतं.

‘रिफंडेबल’ या शब्दावर मात्र मी कधीच विसंबत नाही. बुकिंग साइटवर तो शब्द दिसला, तरी पैसे रोख परत मिळतील की पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर हातात टेकवतील, ते भाड्याच्या नियमांतच कळतं. त्यात `PENALTIES` नावाचा भाग असतो, तो इंग्रजीत आणि कंटाळवाणा असला तरी वाचायचाच. काकूंसाठी सगळ्यात स्वस्त ‘रिफंडेबल’ म्हणून जे पुढे आलं, त्यात जातानाच्या भाड्याखाली प्रवासाआधी रद्द केल्यास ठरावीक शुल्क कापून पैसे परत असं होतं. परतीच्या भाड्याखाली सरळ `TICKET IS NON-REFUNDABLE` लिहिलेलं. दोन वेगळी भाडी जोडून केलेलं तिकीट होतं ते. अशा जोडीत सहसा जास्त कडक नियम सगळ्या तिकिटाला लागतो, म्हणजे व्हिसा नाकारला गेला असता तर जवळपास सगळं भाडं बुडालं असतं.

मग दोन्ही बाजूंना एकच मोकळं भाडं लावलं, म्हणजे रद्द करायला आणि तारीख बदलायला मोकळीक देणारं. रद्द केल्यावर काय कापलं जाईल, विमान चुकलं तर वेगळा नियम काय, हे काकूंना आकड्यांसकट वाचून दाखवलं. त्यांनी मुलीला फोन लावला. तिकडून बराच वेळ “एवढे पैसे?” चालू होतं. शेवटी जावई म्हणाले, “काढून टाका.”

तिकीट निघालं, 13 आकडी नंबर आला. पहिले तीन आकडे त्या विमान कंपनीचा कोड असतात, तेवढंही जुळवून पाहावं. मग मी काकूंना त्यांच्याच फोनवर कंपनीची साइट उघडायला लावली. पीएनआर आणि पासपोर्टवरचं आडनाव टाकलं, दोन्ही फ्लाइट दिसल्या, खाली तिकीट नंबरही दिसला. हे मी नेहमी ग्राहकाच्याच हातून करून घेतो. माझ्या स्क्रीनवर काय दिसतं याला तिथे किंमत नाही, अधिकारी बाहेरूनच बघणार.

जुना कागद फाइलमधून काढून टाकला आणि व्हिसाच्या अर्जातल्या तारखा नव्या तिकिटाशी जुळवल्या. परतीची तारीख एका दिवसाने पुढे गेली होती, त्यामुळे अर्जासोबतच प्रवास विम्याची मुदतही वाढवून घ्यावी लागली.

व्हिसा मिळाला, पण मागितले होते त्यापेक्षा कमी दिवसांचा. परतीची तारीख अलीकडे ओढणं भाग होतं. मोकळ्या भाड्यात तारीख बदलायला दंड नव्हता, फक्त भाड्यातला फरक भरायचा होता. तो भरला, तिकीट पुन्हा काढलं. नंबर नवा आला, पीएनआर तोच राहिला. काकूंनी तो जुन्या डमीच्या पाठीमागे पेनने लिहून घेतला आणि डमीवाल्याकडून पैसे परत मिळतील का, तेवढं विचारलं. मी त्यांना ज्या कार्डाने पैसे भरले त्या बँकेकडे तक्रार करायला सांगितलं आणि `GK1` दिसणारा तो फोटो सोबत जोडायला लावला.