एका तिकिटावर दोघं आत

परिषदेच्या आधीचा आठवडा आला की नोंदणीच्या इनबॉक्समध्ये एकाच चालीचे मेल येऊ लागतात. "मला यायला जमत नाहीये, माझ्याऐवजी अमुक येतील, तेवढं नाव बदलून द्या." यातला "तेवढं" हा शब्द मला ऐकून ऐकून पाठ झालाय. दहातली नऊ कामं खरंच तेवढीच असतात. उरलेल्या एकाची ही हकीकत. एकाच तिकिटावर दोन माणसं आत गेली आणि त्या दोघांपैकी कुणीही लबाडी केलेली नव्हती.

दोन दिवसांची तांत्रिक परिषद होती. मुख्य सभागृह ऐसपैस, पण पहिल्या दिवशीच्या कार्यशाळेला 24 जागा, त्याही कधीच्या भरलेल्या. एका कंपनीने एकाच ऑर्डरमध्ये 8 तिकिटं घेतली होती. पैसे कंपनीचे, ऑर्डरवरचा मेल कंपनीच्या प्रशासन विभागाचा, आणि पाहुण्यांची नावं मागाहून एकेक करून भरलेली. त्यातल्या एका बाईंनी कार्यशाळेची जागा घेतली होती.

या बाईंचा मेल त्यांच्या खासगी पत्त्यावरून आला: जमत नाहीये, मैत्रिणीला पाठवते, नाव बदला. मी ऑर्डर उघडून बघितली. तिकिटावर नाव बाईंचं, पण ऑर्डर कंपनीची. अशा वेळी तिकीट कुणाच्या हवाली करायचं हे ठरवायचा हक्क ऑर्डर ज्याची त्याचा, असा नियम आमच्या अटींमध्ये लिहिलेला आहे. कुणी स्वतःच स्वतःचं तिकीट काढलेलं असतं तेव्हा हा प्रश्नच येत नाही, कारण घेणारा आणि येणारा एकच. गटाने घेतलेल्या तिकिटांत मात्र हे दोन वेगळे असतात. मी बाईंना कळवलं की हा बदल कंपनीकडून यावा लागेल. त्यावर उत्तर आलं नाही. त्यांनी आधीच तिकिटाची पीडीएफ मैत्रिणीला पाठवून दिली होती, हे मला कळायचं काही कारणच नव्हतं.

परिषदेच्या आदल्या रात्री नऊच्या सुमारास कंपनीचा मेल आला. बाईंनी नोकरी सोडली आहे, त्यांच्या जागी आमचा दुसरा सहकारी येईल. मेल ऑर्डरवरच्याच पत्त्यावरून होता, अधिकाराचा प्रश्न मिटला. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने तिकीट हस्तांतरित केलं.

नाव दुरुस्त करणं आणि तिकीट हस्तांतरित करणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्पेलिंग चुकलंय, आडनाव बदललंय, अशा वेळी माणूस तोच राहतो, म्हणून नोंदीतली अक्षरं बदलली की झालं. जुनं तिकीट चालू राहिलं तरी बिघडत नाही. माणूस बदलला की जुनं तिकीट रद्द करून नवं काढावं लागतं. याचं कारण क्यूआर कोडमध्ये आहे. त्या कोडात नाव नसतं, फक्त एक लांबलचक यादृच्छिक क्रमांक असतो. दारावरचा स्कॅनर तो क्रमांक आपल्या यादीत शोधतो आणि समोर सापडलेलं नाव दाखवतो. नुसतं नाव बदललं तर कोड तोच राहतो, आणि ज्यांच्याकडे जुनी पीडीएफ आहे त्या सगळ्यांकडे चालू तिकीट राहतं. म्हणून आम्ही एक साधी खूण धरतो: नावाबरोबर मेलचा पत्ताही बदलतोय का? बदलत असेल तर ती दुरुस्ती नव्हे. (एका गृहस्थांनी आधी आडनाव "दुरुस्त" करून घेतलं, मग नाव, आणि शेवटी मेल. तीन हप्त्यांत माणूसच नवा.)

तर आमच्या सहकाऱ्याने बरोबर तेच केलं. जुना कोड रद्द, नवा कोड नव्या पाहुण्याच्या मेलवर.

सकाळी दारं उघडली. मुख्य दाराशी चार फोन, बाजूच्या दाराशी एक. हे फोन नोंदणीची यादी उतरवून ठेवतात, म्हणजे इंटरनेट गेलं तरी रांग थांबत नाही. सोय उत्तम, फक्त ती यादी शेवटचं नेट मिळालं त्या क्षणाची असते. बाजूच्या दाराच्या फोनने यादी घेतली होती आदल्या संध्याकाळी, हस्तांतर होण्याच्या आधी. सकाळी त्या कोपऱ्यात नेट मिळेना. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक बारीक राखाडी पट्टी होती, त्यावर "ऑफलाइन". स्वयंसेवकाला ती पट्टी म्हणजे काहीतरी सजावट वाटली, आणि त्याला दोष कसा द्यायचा? प्रत्येक तिकिटाला हिरवं येत होतं.

मैत्रीण त्या दाराने आली. जुना कोड, जुनी यादी, हिरवी खूण. बॅज आदल्या दुपारीच छापून पेटीत लावलेले होते, त्यामुळे जुन्या नावाचा बॅजही पेटीत जागच्या जागी सापडला. तिकिटावर जे नाव तेच बॅजवर, तेच स्क्रीनवर. स्वयंसेवकाच्या बाजूने तपासणी पूर्ण झाली. ओळखपत्र आम्ही फक्त सवलतीच्या तिकिटांना मागतो, हे तिकीट पूर्ण दराचं होतं.

वीसेक मिनिटांनी कंपनीचा सहकारी मुख्य दाराशी आला. तिथले फोन ऑनलाइन. नवा कोड, हिरवी खूण. नावाचा बॅज पेटीत नाही म्हणून त्याला मदतकक्षात पाठवलं, तिथे जागेवर छापून मिळाला.

मला हे कळलं ते बाजूच्या दाराची गर्दी ओसरल्यावर. तो फोन मुख्य कक्षात आणला, त्याला नेट मिळालं आणि त्याने साठवलेले सगळे चेक-इन सर्व्हरवर चढवले. त्यातली एक नोंद लाल: रद्द तिकिटावर प्रवेश. अशी लाल ओळ दिसली की पहिल्यांदा तिकिटाचा इतिहास उघडायचा. त्यात सगळं वेळेसह मिळालं: रात्री 9:20 ला रद्द, त्याच मिनिटाला नवं तिकीट, सकाळी जुन्या कोडवर बाजूच्या दाराने प्रवेश, मग नव्या कोडवर मुख्य दाराने. नोंद वाचली तरी तो जुन्या कोडवाला माणूस कोण हे कळत नव्हतं. बाईंनी नोकरी सोडली तरी स्वतःच आल्या असतील, असंही होऊ शकलं असतं.

कार्यशाळा सुरू व्हायला अर्धा तास होता. दारावरच्या यादीत 24 नावं, आणि आता हॉलमध्ये फिरणारी माणसं 25. मी कार्यशाळेच्या दाराशी जाऊन उभी राहिले. जुन्या नावाचा बॅज घातलेली एक तरुणी आली. बॅजवर शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा पिवळा ठिपका. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला ॲलर्जी आहे का? ती म्हणाली, "नाही हो, मलाही सकाळपासून हा ठिपका कशाचा आहे ते कळत नाहीये." स्वयंपाकघराने त्या नावाने वेगळं ताट लावून ठेवलं होतं.

तिने सगळं सरळ सांगितलं. मैत्रिणीने तिकीट तिला विकलं होतं, तिने पैसे आधीच चुकते केले होते, "नाव बदलायला मेल केलाय" असंही मैत्रिणीने सांगितलं होतं. तेही खरंच होतं. मेल केला होता, फक्त उत्तर वाचून पुढे सांगितलं नव्हतं. मी तिला तिकिटाचा इतिहास दाखवला आणि म्हटलं, तुमची चूक नाही, पण हे तिकीट विकायचा हक्क तुमच्या मैत्रिणीला नव्हता. कार्यशाळेची जागा कंपनीच्या माणसाची.

आता तिला बाहेर काढायचं की कसं? आमच्या स्वयंसेवकांपैकी एकाचं म्हणणं होतं, आत आलीच आहे तर बसू दे. मला ते पटलं नाही. त्याच सकाळी दाराशी तिकीट विकत घेऊन आलेले लोक आत बसलेले होते, शिवाय कार्यशाळेची प्रतीक्षायादीही होती. मुख्य सभागृहात मात्र जागा होती, आणि अग्निसुरक्षेसाठी ठरवलेल्या कमाल संख्येपासून आम्ही बरेच लांब होतो. म्हणून तिला सभागृहाचं नवं तिकीट घ्यायची मुभा दिली. ती विद्यार्थिनी होती, ओळखपत्र होतं, सवलतीचा दर लागू झाला. तिने तिथेच मैत्रिणीला फोन लावला. बोलणं मी ऐकलं नाही, पण पाचेक मिनिटांत तिचे पैसे परत आले आणि त्यातूनच तिने नवं तिकीट काढलं. जुना बॅज मी काढून घेतला, तिच्या नावाचा छापून दिला. ठिपक्याशिवाय.

त्या ठिपक्यामुळे मला दुसरी शंका आली. हस्तांतर करताना आधीच्या पाहुण्याने दिलेली उत्तरं पुसली जातात. ॲलर्जी, टी-शर्टचं माप, चाकाच्या खुर्चीची गरज, सगळं. ती पुसायलाच हवीत, कारण ती त्या माणसाची आहेत. पण मग नव्या पाहुण्याच्या रकान्यात काय असतं? रिकामं. त्याला फॉर्म भरायचा मेल जातो, आणि रात्री साडेनऊला आलेला फॉर्म दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत कोण भरतो? स्वयंपाकघराच्या यादीत मात्र रिकाम्या रकान्याचा अर्थ "काही नाही" असा लागतो. मी कार्यशाळेत जाऊन कंपनीच्या त्या सहकाऱ्याला कानात विचारलं. तो म्हणाला, "अंडं चालत नाही, घसा सुजतो." म्हणजे ठिपका होता त्या तरुणीच्या बॅजवर आणि हवा होता याला, तोही वेगळ्या कारणासाठी. स्वयंपाकघराला निरोप दिला तेव्हा जेवण लागायला तासभर होता.

तेव्हापासून आमच्याकडे तीन गोष्टी बदलल्या. हस्तांतर झालेल्या तिकिटाचा बॅज पेटीत राहत नाही. बॅज छापल्यानंतर जेवढी हस्तांतरं होतात त्यांची यादी परिषदेच्या सकाळी काढतो, जुने बॅज उचलतो, आणि नव्या पाहुण्यांना मदतकक्षातूनच बॅज देतो. तिथे त्यांना खाण्याचं तोंडी विचारलं जातं. दुसरं म्हणजे दार उघडण्याआधी प्रत्येक फोनवर यादी ताजी केल्याची वेळ तपासतो, आणि राखाडी पट्टी दिसली तर तो फोन फक्त माणूस मोजायला, प्रवेश द्यायला नाही. हस्तांतराची मुदतही आदल्या दुपारी बारापर्यंत आणली. त्यानंतरचे बदल होतात, पण माणसाने स्वतः मदतकक्षात येऊन करायचे. यावर अधूनमधून कुरबुर होते. "नाव तर बदलायचंय, एवढं काय?"

परिषद संपल्यावर आठवडाभराने नोकरी सोडलेल्या त्या बाईंचा मेल आला. व्याख्यानांचे व्हिडिओ कधी मिळणार, असा. त्यांचा पत्ता जुन्या मेल-यादीत राहिला होता, त्यामुळे "धन्यवाद, पुन्हा भेटू" असा आमचा मेल त्यांनाही गेला होता. मी पत्ता काढला आणि कळवलं की व्हिडिओंचा दुवा तिकीटधारकांना जातो, या तिकिटाचा गेलेला आहे.