साहेबांना अर्ध्या पानाचं पत्र

„बँकेनं विचारलेलं नसताना आपण होऊन वाईट बातमी कळवायची कशाला? आणि कळवलीच, तर त्या पत्रात लिहिता तरी काय?”

दर महिन्याच्या दहा तारखेला बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्यांचा हिशेब, द्यायचंच असतं. त्यात खोटं लिहायचं नसेल तर आकडा आपोआप बोलतो. मग तो बोलायच्या आधी मी बोललेलं बरं.

गेल्या जुलैचं सांगतो. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत आणि बँकेची चाळीस लाखांची सीसी, म्हणजे माल आणि येणी तारण ठेवून लागेल तसे पैसे उचलायचं खातं, आहे. हैदराबादच्या एका पार्टीला दहा लाखांचा टेरी टॉवेल पाठवला होता. त्यातला 1,500 किलो, म्हणजे सहा लाखांचा माल महिनाअखेरीस परत आला. मरून रंग सुटत होता. पांढरं फडकं ओलं करून मी टॉवेलवर आठ-दहा वेळा घासलं तर फडकं गुलाबी झालं. पार्टीचं काही चुकलं नव्हतं.

सूत आम्ही बाहेरून रंगवून घेतो. तिथं जाऊन बसलो तेव्हा कारण निघालं. या रंगात सुताला न चिकटलेला भाग शेवटी गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन काढावा लागतो. पाणी जड असेल तर तो नीट निघत नाही, सुतावरच बसून राहतो आणि गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो. पाणी होतं बोअरचं, आणि ते मऊ करणाऱ्या सॉफ्टनरला मिठाचं पाणी द्यायचं त्या आठवड्यात राहून गेलं होतं. चूक त्यांची. पण सूत आल्यावर ओल्या फडक्यानं घासून बघणं माझं काम, आणि मागांवरचे सुताचे बीम रिकामे पडलेत म्हणून मी ते न बघताच सूत चढवलं होतं. पत्रात दोन्ही गोष्टी एकेका ओळीत लिहिल्या.

पहिला मसुदा मात्र असा नव्हता. „काही तांत्रिक अडचणींमुळे वसुलीस किंचित विलंब होत आहे,” असं मी झोकात लिहिलं होतं. हिशेब बायको बघते. ती म्हणाली, „किंचित म्हणजे किती? साहेब पहिलं हेच विचारणार.” फाडलं.

किती, ते काढायला ड्रॉइंग पॉवर मांडावी लागते. लिमिट चाळीस असली तरी उचलता येतात तेवढेच पैसे, जेवढ्याला माल आणि येणी तारण म्हणून पुरतात. आमच्या मंजुरीपत्राप्रमाणे सुतवाल्यांचं देणं वजा करून उरलेल्या मालाच्या 75 टक्के आणि चालू येण्यांच्या 60 टक्के धरतात. आधी असा माल 24 लाखांचा आणि येणी 38 लाखांची होती. म्हणजे 18 आणि 22.80 मिळून चाळीसच्या वरच. खात्यावर उचल 38.50 लाख. सगळं निवांत.

माल परत आल्यावर त्या पार्टीचे दहाच्या दहा लाख मी येण्यांतून काढले. सहाचा माल तर घरीच आला होता, आणि उरलेल्या चार लाखांवर पार्टीनं हात ठेवला होता. भांडणातलं येणं चालू म्हणून दाखवणं ही स्वतःचीच फसवणूक. राहिली 28 लाखांची येणी, त्याचे 16.80. परत आलेला माल स्टॉकमध्ये घेतला, पण सहा लाखांना नाही. सेकंड्स, म्हणजे दोषी माल, म्हणून किलोला दोनशेच येतात, म्हणून तीन लाखांना. माल झाला 27, त्याचे 20.25. एकूण 37.05 लाख. म्हणजे 1.45 लाखांनी आम्ही वर.

इथंच हात थरथरतो. तो माल सहा लाखांना दाखवला आणि चार लाख येण्यांत ठेवले, तर कागदावर सगळं पुन्हा बसतं. पण गोडाऊन बघायला माणूस येतो, आणि मरून टॉवेलचा ढीग लपत नाही.

म्हणून 6 ऑगस्टला पत्र दिलं. मजकूर साधारण असा:

„जुलैअखेर आमचं खातं ड्रॉइंग पॉवरच्या 1.45 लाख वर आहे. कारण: 1,500 किलो टॉवेल रंग सुटल्यामुळे परत आला. रंगवणाऱ्याकडे सूत जड पाण्यात धुतलं गेलं. सूत चढवण्याआधी आम्ही घासून बघितलं नाही. आमचं नुकसान सुमारे तीन लाख. पक्कं: पतसंस्थेतली एफडी 14 ऑगस्टला पुरी होते, तिचे 2.50 लाख त्याच दिवशी खात्यात भरतो. अपेक्षित, पक्कं नाही: सेकंड्स ऑगस्टअखेर विकणे, आणि पार्टीकडचे चार लाख. विनंती: 12 तारखेला सुताच्या व्यापाऱ्याचा एक लाखाचा चेक येईल, तो पास व्हावा. ढीग गोडाऊनमध्ये डाव्या भिंतीला वेगळा लावला आहे. पुढचं पत्र 10 सप्टेंबरला.”

वाईट बातमी पहिल्याच ओळीत, कारण साहेबांच्या टेबलावर अशी चाळीस पत्रं असतात आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कुणी जात नाही. विनंती एकच आणि तारखेची. „सहकार्य करावे” म्हटलं की नेमकं काय करावं, ते त्यांनाच शोधावं लागतं.

„पक्कं” आणि „अपेक्षित” वेगळं लिहायला मी ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका पार्टीनं फोनवर „महिनाअखेर देतो” म्हटलं, आणि मी बँकेला तसंच लिहून टाकलं. पैसे आले नाहीत. शब्द पार्टीचा होता, पण सही माझी होती. तेव्हापासून पक्कं फक्त तेच, जे माझ्या हातात आहे.

पत्रानं नियम मात्र हलत नाहीत. खातं सलग 90 दिवस वर राहिलं तर ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं, मग तुम्ही कितीही गोड लिहा. त्याआधीच, तीस दिवस उलटले की, एसएमए-1 चा, म्हणजे खातं अडचणीत येतंय अशा इशाऱ्याचा, शिक्का बसतो. चेक पास करायचा की नाही, ही साहेबांची मर्जी, आणि वर उचललेल्यावर चार्ज लागतोच. तो लागला. आणखी एक गंमत: सेकंड्स रोखीनं तीन लाखांना गेले तरी सुटका पाऊण लाखाचीच. तीन लाख खात्यात येतात खरे, पण तेवढा माल गेल्यामुळे 2.25 लाखांची ड्रॉइंग पॉवरही जाते. म्हणून माझा भरवसा एफडीवर होता.

मामांना वेगळं लिहिलं. त्यांनी दोन मागांसाठी आठ लाख घातलेत, ते पुण्यात असतात आणि ड्रॉइंग पॉवरशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना चार ओळी: नुकसान तीन लाख, माग चालू आहेत, दिवाळीचा हप्ता यंदा निम्मा, बाकीचा मार्चमध्ये जमला तर. फोन आला तो थेट, „ते पाणी आता रोज कोण तपासतं?” त्यांना पैशांपेक्षा हेच महत्त्वाचं वाटलं. सांगितलं, आता प्रत्येक लॉटमधली एक लड मी स्वतः घासून बघतो आणि फडक्याचा तुकडा तारीख घालून वहीत चिकटवतो.

चेक पास झाला. चौदाला एफडीचे पैसे भरले. विसाच्या सुमारास बँकेचा माणूस गोडाऊनला आला, डाव्या भिंतीकडे गेला, ढिगातल्या गाठी मोजल्या, चहा घेऊन गेला.

10 सप्टेंबरच्या पत्राची पहिली ओळ अशी होती: „गेल्या पत्रात सेकंड्स ऑगस्टअखेर विकू असं लिहिलं होतं. 900 किलो गेला, 600 पडून आहे.”