आमची वाटचाल : भट्टी, दोन लोन आणि ३६० चा घोळ

शिरोलीत फौंड्री चालू करून आम्हाला बरीच वर्षं झाली, त्यातली बहुतेक नुसती हीट मारण्यात गेली, सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते इंडक्शन फर्नेससाठी दीड कोटीचं टर्म लोन घेतलं त्या वर्षाचं. भट्टी आली आणि मोठी ऑर्डर गेली. तेव्हा आमचे पंपवाले आण्णा रोज फोन करून "कास्टिंग कधी देताय" विचारायचे आणि पैसे आधी पाठवायचे, म्हणून तगलो.

हप्ते अजून सुरू नव्हते, ११ टक्क्यांनी दरमहा नुसतं व्याज जायचं. शिवाय एक्सपोर्टचं डॉलरमधलं पॅकिंग क्रेडिट होतं, ६०,००० डॉलर, ६ टक्के. चुलतभाऊ माझा पार्टनर, त्याची जुनी हिशोबाची वही आणि कॅल्सी. त्याने काढलं ९० दिवसांचे ८८७.६७ डॉलर, बँकेने लावले ९००. आम्ही तावातावाने गेलो आणि तोंडावर आपटलो, कारण डॉलरच्या कर्जात खरे दिवस मोजून ३६० नेच भागतात, करारातही तसंच लिहिलेलं. म्हणजे ६ टक्के म्हणायला, वर्षाला पडतात ६.०८.

पण त्या फजितीमुळे भावाने रुपयाच्या टर्म लोनचं खातंही तपासायला घेतलं. ३१ दिवसांच्या महिन्याला व्याज कापलं होतं १,४२,०८३. त्याने दीड कोटी गुणिले ०.११ गुणिले ३१ केलं आणि त्याला या व्याजाने भागलं, उत्तर बरोब्बर ३६०! सँक्शन लेटरमध्ये स्पष्ट ३६५ होतं, म्हणजे १,४०,१३७ व्हायला पाहिजे होते. सिस्टीममध्ये खातं उघडताना कुणीतरी डॉलरचा बेसिस टाकलेला. एप्रिल ते ऑक्टोबर २१४ दिवस, जादा गेले १३,४३६ रुपये. रक्कम छोटी वाटेल, पण तेव्हा आमचा लाइट बिलाचा चेक परत यायची वेळ आलेली.

मॅनेजर साहेब म्हणाले, ३६० म्हणजे महिना ३० दिवसांचा, वर्षाला सारखंच पडतं. तसं असतं तर सगळ्या महिन्यांचं व्याज एकच आलं असतं ना, १,३७,५००! इथे ३० च्या महिन्याला कमी, ३१ च्या महिन्याला जास्त, म्हणजे वर खरे दिवस आणि खाली ३६०, दोन्हीकडून बँकेचाच फायदा. भावाने वही टेबलावर ठेवली तेव्हा साहेब गप्प.

बाबांनो, हा भागाकार करताना मुद्दल आणि रेट महिनाभर बदलला नसेल असाच महिना घ्या, नाहीतर उत्तर ३६२, ३६७ असं काहीही येईल आणि उगाच भांडण होईल. लीप वर्षी ३६६ आलं तर आधी करार बघा.

पैसे परत आले, दोन महिन्यांनी, एका ओळीच्या एंट्रीत. त्यावर व्याज मागितलं, तर साहेब हसले.