तुम्ही विचारलंत म्हणून : सोन्याचा छोटा लॉट

‘सोनं तर नंतर वाढलंच ना? मग शंभर ग्रॅमच्या एका लहानशा लॉटमध्ये तुमचे पैसे गेले कसे? थोडं थांबला असता तर?’

लातूरच्या मार्केट यार्डात, लग्नकार्यात आणि घरात पुतण्यांकडूनही मला हे ऐकावे लागते, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेले असते की हा माणूस जुगार खेळला. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा आजच ठरलेल्या भावाने केलेला सौदा, मला नवा नव्हता. आमची आडत आहे आणि सोयाबीनचे वायदे चालू होते तेव्हा मालाच्या भावाचे संरक्षण म्हणून आम्ही ते विकून ठेवत होतो. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले, आणि पुढे मी सोन्याकडे वळलो. नवखा होतो तो सोन्यात, आणि गोदामात माल नसताना सौदा करण्यात. हा दुसरा फरक मोठा आहे. सोयाबीनच्या वायद्यात तोटा झाला, तर गोदामातल्या मालाचा भाव साधारण तितकाच वाढलेला असे. सोन्याच्या सौद्यामागे माझ्याकडे फक्त खात्यातली रक्कम होती.

एमसीएक्स या वायदेबाजारातल्या गोल्ड मिनी या वायद्याचा लॉट शंभर ग्रॅमचा असतो आणि भाव दहा ग्रॅमचा बोलला जातो. त्यामुळे भाव एक रुपया हलला की एका लॉटवर दहा रुपयांचा फरक पडतो. २२ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मी ऑगस्टचा एक लॉट ७२,७०० च्या आसपास घेतला. त्या सोन्याची किंमत ७ लाख २७ हजार रुपये होती, मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, म्हणून सुमारे ६० हजार अडवले गेले आणि खात्यात एकूण ७० हजार होते. म्हणजे मी माझ्या पैशाच्या दहा पटींहून अधिक किमतीचे सोने धरून बसलो होतो. मनात मात्र सौदा ‘साठ हजारांचा’ असा नोंदला गेला होता, कारण पडद्यावर तोच आकडा ठळक दिसतो.

हा आकडा मला का खटकला नाही, हे आता प्रामाणिकपणे सांगतो. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये सोने वेगाने चढले होते. मी एक लॉट घेऊन दीड हजार रुपयांच्या तेजीत तो विकला, आणि १५ हजार रुपये काही दिवसांत हाती आले. सोने दोन-सव्वादोन टक्के वाढले होते आणि माझी रक्कम पाव हिश्शाने वाढली होती. उरलेली वाढ माझ्या पैशाहून मोठ्या, उसन्या आकारामुळे आली, हे गणित तेव्हाही मला करता येत होते. नफा झाल्यावर ते करण्याची गरज कोणाला वाटत नाही, एवढेच.

२३ जुलैला केंद्रीय अर्थसंकल्प होता. मी यार्डात बसून मोबाईलवर भाषण ऐकत होतो. सोन्यावरचे एकूण आयात शुल्क पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली आणि भाव कोसळू लागला. आपल्या वायद्याच्या भावात आयात शुल्क धरलेले असते, त्यामुळे परदेशात सोने फारसे हललेले नसतानाही इथला भाव तुटणारच होता. मी लंडनच्या भावावर आणि अमेरिकेतल्या व्याजदरांवर नजर ठेवून तेजी केली होती, आणि तो अंदाज त्या दुपारीही चुकलेला नव्हता. भाव ६८,९०० पर्यंत आला, तेव्हा माझ्या सौद्यात दहा ग्रॅममागे ३,८०० रुपयांचा, म्हणजे ३८ हजारांचा तोटा दिसत होता. सोने सव्वापाच टक्के पडले होते आणि माझ्या ७० हजारांतले निम्म्याहून अधिक संपले होते. खात्यात ३२ हजार उरले होते आणि सौदा टिकवायला ६० हजार लागत होते. ब्रोकरच्या कार्यालयातून फोन आला की उरलेली रक्कम लगेच भरा, नाहीतर सौदा कापावा लागेल. हंगाम तोंडावर होता आणि आडतीतले पैसे शेतकऱ्यांच्या हिशेबाचे होते, त्यांना हात लावायचा नाही हे मी आधीच ठरवलेले होते. मी बँकेच्या खात्यातली जुळवाजुळव करत असतानाच सौदा कापला गेला.

त्या फोनबद्दल मी बराच काळ चिडलेला होतो. मुदत आणखी तासाभराची मिळायला हवी होती असे आजही वाटते. पण दिवसअखेर भाव साडेअडुसष्ट हजारांच्या जवळ बंद झाला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत आणखी उतरला. तासाभराची मुदत मला आणखी काही हजारांच्या तोट्यात घेऊन गेली असती, हेही तितकेच खरे आहे.

आता ‘थोडं थांबला असता तर’ याकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त हेच टोचते. ऑक्टोबरमध्ये सोने ७८ हजारांच्या पुढे गेले. ज्याने २२ जुलैला सराफाकडून तेच शंभर ग्रॅम पूर्ण पैसे देऊन घेतले, त्याच्याही सोन्याची किंमत त्या दुपारी माझ्याइतकीच, ३८ हजारांनीच घटली होती. रुपयांतला तोटा सारखाच होता. पण तो त्याच्या सात लाखांतून गेला आणि त्याला कोणी फोन केला नाही. थांबायचे की नाही हे तो ठरवत होता, माझ्या बाबतीत ते मार्जिन ठरवत होते. शिवाय ऑगस्टचा वायदा ५ तारखेला संपणार होता. त्याआधीच्या शेवटच्या दिवसांत, प्रत्यक्ष सोन्याच्या डिलिव्हरीच्या काळात, मार्जिन पंचवीस टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. ते टाळायचे तर पुढच्या महिन्याच्या वायद्यात सरकावे लागते, आणि झालेला तोटा त्या वेळी खात्यातून कायमचा वजा होतो. घरातल्या पाटल्यांना असली मुदत नसते.

पुतण्या म्हणतो, ‘काका, मग गोल्ड पेटल घ्यायचा, एक ग्रॅमचाच असतो.’ त्याचे निम्मे बरोबर आहे. त्या दिवशी एका पेटलचा तोटा साधारण ३८० रुपये झाला असता. पण पेटललाही मार्जिन त्याच प्रमाणात, सहाशे रुपयांच्या आसपास लागत होते, आणि ७० हजारांत शंभर पेटल सहज बसत होते. शंभर पेटल म्हणजे पुन्हा एक मिनी. लॉट लहान असला म्हणून उसना आकार लहान होत नाही. तो लहान होतो ७० हजारांवर नऊच पेटल घेतले तर, कारण नऊ ग्रॅमची पूर्ण किंमतच ६५ हजारांच्या आसपास होती. मग ती घसरण साडेतीन हजारांची ठरली असती, म्हणजे रकमेच्या पाच टक्के, सोन्याइतकीच. दर महिन्याला सौदा पुढे सरकवावा लागला असता, पण फोन आला नसता.

यावर माझ्यातला जुना माणूस अजूनही भांडतो. तो म्हणतो, पूर्ण पैसे बाजूला ठेवायचे तर वायदा कशाला, वळेच घ्यावे. त्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. त्या वेळच्या भावात एका मिनीमागे अडीच लाख ठेवले असते, तर २३ जुलैसारखा दिवस सतरा टक्क्यांच्या आत निभावला असता आणि डिलिव्हरीच्या काळातले मार्जिनही बसले असते. पण तशीच दुसरी घसरण त्याच महिन्यात आली असती तर ते मार्जिन जेमतेमच बसले असते. त्यानंतर मी त्या हिशेबाने एखादा लॉट घेत असे. तेव्हाही अडीच लाख पुरेसे होते, असे मी कोणाला सांगणार नाही.