डोमकळीचा कॅरोसेल: अकरा स्लाइडवरून पाचवर

पोळ्याच्या आसपास आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशी फुलावर असते आणि गुलाबी बोंडअळीची पहिली खूण याच दिवसांत दिसते. ती खूण म्हणजे डोमकळी, अळीने आतून बांधून टाकलेलं, न उमललेलं फूल. यंदाच्या शेती-मालिकेतला हा कॅरोसेल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्या स्लाइडची संख्या कशी ठरली ते नीट लिहून ठेवतोय. तुमच्यापैकी बरेच जण पक्षी, देवळं, रानभाज्या यांवर कॅरोसेल करता. तिथेही हाच प्रश्न येतो.

इन्स्टाग्रामवर २०१७ मध्ये कॅरोसेल आला तेव्हा दहाची मर्यादा होती, २०२४ मध्ये ती वीस झाली. जागा वाढली की माहितीही वाढवावीशी वाटते. माझ्या कच्च्या मांडणीत अकरा स्लाइड होत्या: कव्हर, अळीची ओळख, तिचं जीवनचक्र, निरोगी फूल, डोमकळी, उघडलेली डोमकळी, ती तोडून नष्ट करणं, पतंगांना वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे, नुकसानीची पातळी, फवारणी आणि शेवटी आभार. एकही स्लाइड चुकीची नव्हती. पण पहिली स्लाइड उघडताच वरच्या कोपऱ्यात १/११ असा आकडा दिसतो. पुढे किती सरकवायचंय हे बघणाऱ्याला आधीच कळतं, आणि तेवढं काम आहे का हे तो तिथेच ठरवतो.

मी कच्ची मांडणी नेहमी फोनच्या गॅलरीत टाकून कोणाला तरी बघायला देतो आणि स्वतः काही बोलत नाही. या वेळी निंदणाला आलेल्या एका मावशींना दिली, कारण फुलांच्या सगळ्यांत जवळ त्याच असतात. जीवनचक्राची स्लाइड त्यांनी न थांबताच सरकवली. निरोगी फुलावर थांबल्या, पुढे डोमकळीवर गेल्या, परत मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. उघडलेल्या डोमकळीतली अळी पाहून म्हणाल्या, "हे तं आपल्या धुऱ्याजवळच्या तासात हाय!" आणि फोन माझ्या हातात देऊन उठल्या. पुढच्या पाच स्लाइड तशाच राहिल्या.

यातून दोन गोष्टी ठरल्या. मागे-पुढे सरकवणं म्हणजे तुलना दोन स्लाइडमध्ये तुटली होती. निरोगी फुलाच्या पाकळ्या मोकळ्या उमलतात. डोमकळीत अळी आतून रेशमासारख्या धाग्याने पाकळ्या बांधून टाकते, त्यामुळे फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. हा फरक दोन्ही फुलं एका चौकटीत शेजारी असली तरच एका नजरेत कळतो. म्हणून चौथी आणि पाचवी स्लाइड एक झाली. इथे स्लाइड कमी केल्याने माहिती कमी झाली नाही, उलट ती जास्त स्पष्ट दिसू लागली.

दुसरी गोष्ट, ओळख पटली की बघणाऱ्याचं लक्ष फोनमधून निघून वावरात जातं, आणि आपल्याला तेच हवं आहे. ओळख पटण्याआधी जे येतं त्यातलं ओळखायला लागत नसेल ते काढायचं. ओळख पटल्यानंतर फक्त लगेच करायचं तेवढं ठेवायचं. अळीचं शास्त्रीय नाव आणि जीवनचक्र या नियमाने गेलं. फवारणीही गेली, कारण तिचा निर्णय त्या दिवशी होत नाही आणि कोणतं औषध, किती, हे एका स्लाइडवर सांगणं मला जबाबदारीचं वाटत नाही. आभाराची स्लाइड तर पाहणाऱ्याला काहीच देत नाही.

उरलेल्या पाच अशा. पहिलीवर डोमकळीचा जवळून घेतलेला फोटो आणि एकच प्रश्न: "तुमच्या कपाशीत असं मिटलेलं फूल आहे का?" दुसरीवर दोन फुलं शेजारी. तिसरीवर उघडलेली डोमकळी, सोबत एक ओळ: लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग पुढे येतो. ही ओळ मी हट्टाने ठेवली. नाव गुलाबी असल्यामुळे पांढरट अळी दिसली की माणसं दुसरीच कसली तरी समजून सोडून देतात. चौथीवर काम: डोमकळ्या तोडा, गोळा करा, अळीसकट नष्ट करा, धुऱ्यावर टाकू नका. पाचवीवर एकरी दोन कामगंध सापळे, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ किंवा जास्त पतंग आले तर कृषी सहायकांना भेटा.

दुसरी स्लाइड जड ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. पहिल्यांदा न सरकवता पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम तोच कॅरोसेल कधी कधी दुसऱ्या स्लाइडपासून पुन्हा दाखवतं. तिथे जीवनचक्राची आकृती असती तर दुसरी संधीही गेली असती. शिवाय गावात हे फोटो शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरतात. तिथे चारपेक्षा जास्त फोटो एकत्र पाठवले की चार चौकटी दिसतात आणि चौथीवर अधिकचा आकडा येतो. म्हणून ओळखीचे तीनही फोटो पहिल्या तीन जागी हवेत, म्हणजे कोणी अल्बम उघडला नाही तरी डोमकळी त्याच्या डोळ्याखालून जाते.

पाचाच्या खाली जायचाही प्रयत्न केला. तोडणी आणि सापळे एकत्र केले तर १०८०×१३५० च्या चौकटीत सहा-सात ओळी बसवाव्या लागल्या. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं. अक्षर बारीक केलं की वावरातल्या उन्हात काही वाचता येत नाही. माझ्या हिशेबात चार ओळींपुढे गेलं की ती एक स्लाइड राहत नाही, एकावर एक चढवलेल्या दोन स्लाइड होतात. संख्या कमी दिसते, पण माणूस तिथेच अडकतो.

आता कमी स्लाइड कुठे चालत नाहीत ते. पुढचा कॅरोसेल कामगंध सापळा बांधण्याचा आहे आणि तो सात-आठवर जाईल असं दिसतंय. ल्यूर, म्हणजे पतंगांना ओढणारी वासाची गोळी, उघड्या हाताने न धरता टोपणात बसवणं, पिशवी खालून बांधणं, काठी रोवणं, सापळा पिकाच्या शेंड्याच्या थोडा वर ठेवणं, पीक वाढेल तसा तो उचलणं. हे सगळं हाताचं काम आहे आणि क्रमाने होतं. माणूस एक स्लाइड बघतो, तेवढं करतो, मग पुढे सरकवतो. दोन कृती एका फोटोत कोंबल्या तर मधलीच पायरी सुटते, बहुतेक वेळा खालची गाठ, आणि पतंग निघून जातात. ओळखायचं असेल तेव्हा कमी आणि करायचं असेल तेव्हा जितक्या कृती तितक्या, असं मी सध्या धरून चाललोय.

लोक कुठवर पोहोचतात हे कळायला मी दोन वेगळे प्रश्न पेरतो. तिसऱ्या स्लाइडवर "अळी कोणत्या रंगाची दिसली?" आणि पाचवीवर "सापळे लावले का?" कमेंटमध्ये रंगाचीच उत्तरं आली तर पाचवी कमजोर आहे. टाकलेल्या कॅरोसेलमधली एखादी स्लाइड एडिटमध्ये जाऊन नंतरही काढता येते. त्यामुळे पाचवी चालली नाही तर ती इथून काढून सापळ्याच्या कॅरोसेलची पहिली स्लाइड करणार आहे.