खपल्यांच्या टाळूवर रंग लावताना

पन्नाशीच्या त्या बाईंच्या केसांची मुळं चांगली बोटभर पांढरी झाली होती आणि रंग त्याच दिवशी हवा होता. मागच्या वेळी दुसरीकडे रंगवताना डोक्याची नुसती आग झाली, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

शेपटीच्या कंगव्याने भांग पाडत मी पूर्ण टाळू पाहिली. कपाळाच्या कडेला आणि कानांमागे पिवळट, तेलकट खपल्या होत्या. उजव्या कानामागे खाजवून एक खपली निघाली होती आणि खालची त्वचा ओलसर दिसत होती. तिथेच मी थांबले. ओल्या जागेवर रंग लावायचाच नाही. त्वचेचं वरचं कवच गेलेलं असतं, कितीही क्रीम थापलं तरी ते परत येत नाही.

"इतकी वर्षं लावतेय हो, ॲलर्जी असती तर एव्हाना कळली नसती का?" त्यांनी विचारलं. पण गडद रंगात बहुधा असणाऱ्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उद्भवू शकते. कानामागची त्वचा आधीच बिघडलेली, म्हणून थोडा रंग लावून ॲलर्जीची टेस्ट कोपराच्या आतल्या बाजूला केली आणि 48 तास त्या जागेवर लक्ष ठेवायला सांगितलं. खपल्या नखाने काढू नका, रंगाच्या दोन दिवस आधी तेल लावून मऊ करा, सौम्य शाम्पूने धुवा आणि मग डोक्याला पाणी लावू नका, असंही सांगितलं. टाळूवर साठलेला नैसर्गिक तेलकटपणा थोडंफार संरक्षण देतो. सकाळी घासून धुतलेलं डोकं सगळ्यात जास्त चुरचुरतं.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा कोपर स्वच्छ होता, कानामागची जागा भरून आली होती. खपल्या मात्र थोड्या होत्याच.

रंगापासून त्वचा वाचवायचं क्रीम म्हणून मी साधी पेट्रोलियम जेली घेतली. कपाळाची कड, कान आणि मान इथे बोटाने लावली. खपल्यांच्या जागी मात्र कॉटन बडने, भांगाच्या रेषेतल्या उघड्या त्वचेवर, अगदी पातळ थर. हे काम चिकाटीचं आहे. जेली केसाच्या मुळाला लागली तर तिथे रंग धरत नाही आणि पांढरा ठिपका तसाच राहतो. शिवाय हा थर म्हणजे काही भिंत नव्हे. रंग केसाच्या कडेने मुळापर्यंत उतरतोच. जेलीने चुरचुर आणि डाग कमी होतात, ॲलर्जी टळत नाही.

रंगात मिसळायचा डेव्हलपर 20 व्हॉल्यूमचा, म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा. एरवी पांढरे केस जास्त असतात म्हणून मी समोरून सुरुवात करते. त्या दिवशी क्रम उलटा धरला. डोक्याचा मागचा आणि मधला भाग ठणठणीत होता, तिथे आधी. कपाळाची कड आणि कानांमागचा भाग सगळ्यात शेवटी, म्हणजे तिथे रंग कमीत कमी वेळ राहील. ब्रश टाळूवर न घासता केसावर ठेवत गेले, गरम वाफ दिली नाही. शेवटचा हात फिरवल्यावर टायमर लावला.

"जरा चुरचुरतंय," त्या पाचव्या मिनिटाला म्हणाल्या. सुरुवातीची हलकी चुरचुर बऱ्याचदा आपोआप शमते, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी विचारत राहिले. बाकी डोकं शांत झालं, पण पंधराव्या मिनिटाला उजव्या कानामागे आग वाढू लागली. वाढणारी आग सहन करायला सांगायची नसते. ओल्या कापसाने त्या भागातला रंग मी लगेच पुसून काढला, पुन्हा ओला कापूस फिरवला. दोन मिनिटांत थंड वाटलं. वाटलं नसतं, किंवा दुसरीकडेही आग सुरू झाली असती, तर पूर्ण डोकं तेव्हाच धुतलं असतं.

कानशिलावरची एक बट कंगव्याच्या शेपटीने पुसून पाहिली. पांढरा केस झाकला गेला होता, फक्त छटा किंचित फिकी. रंगाच्या सूचनापत्रकात 35 मिनिटं होती. मी 28 ला धुवायला घेतलं. कोमट पाणी थोडं घालून रंग बोटांच्या पेरांनी सैल केला, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. खपल्यांनी रंग शोषून काळे ठिपके धरले होते. त्यांना ते पुसून हवे होते, पण मी हात लावला नाही. खपली गळते तसा डागही जातो.

ॲलर्जी बहुतेकदा एक-दोन दिवसांनी दिसते, म्हणून तिसऱ्या दिवशी फोन केला. पापण्या सुजल्यात का, कानांवर पुरळ आलंय का? काहीच नव्हतं. कानामागची खाज मात्र होतीच, ती रंगाच्या आधीपासूनची. त्यासाठी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. खपल्या आटोक्यात येईपर्यंत महिन्याऐवजी दोन महिन्यांनी रंग लावायचा आणि मधल्या काळात भांगात दिसणाऱ्या पांढऱ्या मुळांवर नुसती रंगीत पावडर लावायची, असं आमचं ठरलं.