येतो, पण सहाव्या विषयालाच

लग्नाचं आमंत्रण आलं की "अक्षता टाकून लगेच निघणार हं" असं बजावून होकार देणारा माणूस आपल्याकडे नवा नाही. यजमानालाही ठाऊक असतं की तो जेवूनच जाणार, त्यामुळे पानांचा हिशेब चुकत नाही. सोसायटीच्या सभेत मात्र असा अटीचा होकार भलताच महाग पडतो. गेल्या सप्टेंबरात मला तो पडला.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमची सभा दरवर्षी सप्टेंबरातल्या एखाद्या ओल्या रविवारी असते. नोटीस चौदा दिवस आधी दाराखालून सरकली. मागच्या सभेचं इतिवृत्त, अहवाल, हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक, गळती आणि सहावा विषय पार्किंग. मी सेक्रेटरी काकांना जिन्यातच गाठलं. "काका, मी येतो, पण सहाव्या विषयालाच. तो आला की एक मिस्ड कॉल द्या." काका हसले. "या की," म्हणाले. त्या 'की'तला सूर मला तेव्हा कळला नाही.

आमचे सभासद अठ्ठावीस. गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यातला कमी असेल तो आकडा. अठ्ठाविसाचे दोन तृतीयांश अठरा पूर्णांक काहीतरी होतात, म्हणजे माणसं लागतात एकोणीस. साडेदहाला गच्चीखालच्या हॉलमध्ये होती चौदा. हे मला नंतर कळलं, कारण मी तेव्हा घरी पोहे खात फोनकडे बघत होतो. आणखी सहा जण आपापल्या घरी तेच करत होते. प्रत्येकाने काकांना जिन्यात, लिफ्टमध्ये, दूध आणताना तीच अट घातली होती. आम्ही सातही जण मनापासून 'येणार' होतो आणि गणपूर्ती आमच्याचवाचून अडली होती.

अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाली. पुढची वेळ नोटिशीतच छापलेली होती, सव्वाअकरा, त्याच जागी. तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. ही सोय नसती तर महाराष्ट्रातल्या निम्म्या सोसायट्यांचे हिशेब मंजूर झाले नसते, असं आपलं माझं मत. चौदा जणांची थोडी चुळबुळ झाली, तिघं "भाजी आणून येतो" म्हणून गेले ते गेलेच, आणि उरलेल्या अकरांनी इतिवृत्त, अहवाल, हिशेब असे पहिले पाचही विषय धडाधड उरकले.

मिस्ड कॉल आला तेव्हा मी चपला घालूनच बसलो होतो. रजिस्टरवर सही केली. सुतळीला बांधलेलं ते पेन पुढच्या माणसाच्या सहीवरून ओढून घेतल्याशिवाय आपल्या सहीपर्यंत पोचत नाही. आम्ही सातजण जवळजवळ एकदमच शिरलो. अकरांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं पंगतीत थेट श्रीखंडाला येऊन बसणाऱ्याकडे पाहतात.

पार्किंगवर पाऊण तास चर्चा झाली, माझं भाषणही झालं. मग चिठ्ठ्यांऐवजी आळीपाळीने जागा द्यायचं ठरलं. मला हवं तेच झालं. मी निघणार, इतक्यात बटाटेवडे आले. निघताना दोन वडे हातात घेऊन मी काकांना सहज विचारलं, "हिशेबात काही विशेष?" ते म्हणाले, "झाले मंजूर. लिफ्टच्या देखभालीचा करार नव्या कंपनीला, वर्षाला अठरा हजार जास्त. तुम्ही नव्हतात ना तेव्हा."

ते अठरा हजार अठ्ठावीस घरांत वाटून येतात, म्हणजे मला जेमतेम साडेसहाशे. पैशाचं फारसं काही नाही. पण आपण घातलेल्या अटीचा दुसरा अर्धा भाग आपण कधी उच्चारतच नाही: 'सहाव्याला येतो' म्हणजे 'पाचापर्यंत तुम्ही ठरवाल ते मान्य'. बरं, शेजाऱ्याला "माझ्या वतीनेही हात वर करा" असं सांगायचीही सोय नाही. तिथे एका सभासदाचं एक मत, आणि ते स्वतः येऊनच द्यायचं.

इतिवृत्ताचा मसुदा आला. उपस्थितांच्या यादीत माझं नाव अठरावं, आणि हिशेबांपुढे लिहिलेलं 'सर्वानुमते'. सही करताना रजिस्टरात आल्याची वेळ टाकायचं मला सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी लगेच काकांकडे दुरुस्ती मागायला गेलो. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना बोला की. पहिलाच विषय असतो तो."

यंदाची नोटीस काल आली. पार्किंग नवव्या क्रमांकावर आहे. खाली काकांच्या हस्ताक्षरात एक ओळ आहे: 'अल्पोपाहार हिशेबांच्या आधी.'